फोटोत जनावर बसवताना पाय, माप आणि केस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फोटो जोडकामाची जी मागणी येते तिच्यात जनावरं भरपूर असतात. विकलेला खिलार बैल नव्या घरासमोर उभा करून हवा असतो, लग्नाच्या घरच्या फोटोत राहून गेलेला कुत्रा हवा असतो, बेंदराच्या फ्लेक्सवर जोडी झळकवायची असते. हे काम शिकणारी पोरं आणि लहान स्टुडिओवाले जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मेनूंची नावं फोटोशॉपमधली आहेत. ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीतही ती बहुतेक तशीच सापडतात.

कटिंग एकदम स्वच्छ आलंय, तरी बैल हवेत उभा असल्यासारखा का दिसतो?

कटिंगचा आणि त्याचा संबंधच नाही म्हणून. बघणाऱ्याची नजर आधी तोंडाकडे जाते आणि लगेच पायांकडे. जनावर जमिनीला टेकलंय की नाही, हे ठरवायला त्याला केसांची कड लागत नाही. खुराखालची काळी रेघ, चारही पायांची एकमेकांशी जागा आणि जनावराची उंची या तीन गोष्टी पुरतात. त्यातली एक जरी चुकली तरी गिऱ्हाईक म्हणतं, "काहीतरी वेगळं दिसायलाय की हो." काय वेगळं, ते त्याला सांगता येत नाही.

म्हणून कामाचा क्रम बदला. बहुतेक जण पहिले दोन तास कानाच्या आणि शेपटीच्या केसांवर घालवतात आणि सावली शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. आधी कच्चं कटिंग करून माप लावा, मग पाय टेकवा, मग सावली घाला. एवढं पटलं तरच केसांना हात लावा. पाय बसणारच नसतील तर तो मूळ फोटो टाकून दुसरा मागवावा लागतो, आणि केसांवर घातलेला वेळ वाया जातो.

बैल किती मोठा करायचा, हे नजरेनं ठरवायचं का?

नजरेनं ठरवलं की बैल जवळजवळ नेहमी मोठा होतो, कारण गिऱ्हाईकालाही तो मोठाच हवा असतो. त्यापेक्षा मोजा. गणित चौथीच्या पुस्तकातलं आहे.

सपाट जमिनीवर एक नियम पक्का असतो. कॅमेरा जमिनीपासून जेवढ्या उंचीवर होता, तेवढ्याच उंचीवर क्षितिजरेषा प्रत्येक उभ्या वस्तूला कापते, मग ती वस्तू जवळ असो की लांब. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर पुढच्या माणसालाही ती रेषा दीड मीटरवर कापते आणि मागच्या तुळशी वृंदावनाच्याही दीड मीटर उंचीवरूनच जाते.

आता एक खरं काम घेऊ. खानापूर तालुक्यातलं जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं घर. अंगणात लाल माती, वडील पायरीजवळ उभे. त्यांच्या पुढे थोडं डावीकडे बैल उभा करायचा आहे. वडिलांची उंची 168 सेंटिमीटर. फोटोत त्यांचे पाय वरून मोजले तर 2400 पिक्सेलवर आणि डोकं 1056 वर येतं, म्हणजे उंची 1344 पिक्सेल, एका सेंटिमीटरला 8 पिक्सेल. क्षितिज 1200 वर सापडलं, म्हणजे वडिलांच्या पायांपासून 1200 पिक्सेल वर. 1200 ला 8 नं भागलं की 150 येतात. कॅमेरा दीड मीटरवर होता, हे कळलं.

बैलाचे अलीकडचे खूर 2640 वर टेकवायचे ठरले. तिथून क्षितिज 1440 पिक्सेल वर आहे आणि हे अंतरही 150 सेंटिमीटरच दाखवतं. मालकानं टेपनं वशिंडापर्यंत मोजून सांगितलेली उंची चार फूट सात इंच, म्हणजे 140 सेंटिमीटर.

```
बैलाची उंची = 1440 × 140 / 150 = 1344 पिक्सेल
वशिंडाची जागा = 2640 − 1344 = 1296
```

बैलही 1344 पिक्सेल आणि वडीलही 1344 पिक्सेल, हे बघून घाबरू नका. बैल त्यांच्यापेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ आहे, म्हणून पिक्सेल तेवढेच भरले. त्याचं वशिंड क्षितिजाच्या खाली आणि वडिलांचं डोकं क्षितिजाच्या वर, म्हणून डोळ्याला तो बरोबर बुटका वाटतो. शिंगं आणि वर उचललेली मान या मापात धरू नका. माप वशिंडाचं आहे, बाकी आपोआप येतं.

मालकाकडून उंची मागायला संकोच करू नका. खिलार पाळणारा माणूस बैलाचं वय, दात, उंची तोंडपाठ सांगतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मालकाला उंची ठाऊक नसते. तिथे "तुमच्या गुडघ्याला लागतो की मांडीला?" असं विचारा. पूर्ण वाढलेला मुधोळ खांद्यापाशी साधारण 70 सेंटिमीटर भरतो, म्हणजे उभ्या माणसाच्या मांडीच्या वरच्या भागाशी येतो. पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे पाळतात ती कुत्री पोटरी-गुडघ्याच्या आसपास राहतात.

घरासमोरच्या फोटोत क्षितिज दिसतच नाही. मग ते कुठे धरायचं?

मागे डोंगर दिसतो म्हणून डोंगराची कड म्हणजे क्षितिज नव्हे, ही पहिली गोष्ट. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करून काढलेल्या फोटोत ही गल्लत हटकून होते आणि क्षितिज खऱ्यापेक्षा वर धरलं जातं.

समोर लांब जाणाऱ्या दोन समांतर आडव्या रेषा शोधा. कट्ट्याची वरची आणि खालची कड, चिऱ्यांच्या ओळी किंवा फरशीचे जोड चालतात. नव्या लेयरवर त्यांच्यावर सरळ रेघा ओढून पुढे वाढवा, त्या जिथे मिळतात त्या उंचीवर क्षितिज. हे काम बाजूच्या भिंतीवर चांगलं होतं. अगदी समोरासमोर काढलेल्या घराच्या रेषा मिळतच नाहीत. तेव्हा माणसं वापरा. ओळखीच्या उंचीचा एक जण पुढे आणि एक जण मागे असेल, तर दोघांच्या डोक्यांना जोडणारी आणि पायांना जोडणारी रेघ वाढवा. दोघं साधारण सारख्या उंचीचे असले तर त्या रेघाही क्षितिजावरच मिळतात.

अंगण उताराचं असेल तर हे सगळं जरा ढासळतं. थोडा उतार चालून जातो. घाटाकडच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या अंगणात मात्र बैल ज्या पातळीवर उभा करायचा, त्याच पातळीवरच्या माणसावरून माप घ्या.

माप बरोबर लावलं, तरी बैल कलल्यासारखा दिसतो. का?

बहुधा बैलाचा फोटो खाली बसून काढलेला असतो. जनावर रुबाबदार दिसावं म्हणून पोरं उकिडवं बसून फोटो काढतात, आणि आपण ते जनावर उभं राहून काढलेल्या फोटोत घालायला जातो.

हे खुरांवरून ओळखता येतं. आडव्या उभ्या बैलाचा अलीकडचा आणि पलीकडचा पाय यांत समजा 30 सेंटिमीटर अंतर आहे आणि बैल पाच मीटरवर आहे. आपल्या वरच्या फोटोत कॅमेरा दीड मीटरवर आहे, त्यामुळे पलीकडचा खूर अलीकडच्या खुरापेक्षा सुमारे 80 पिक्सेल वर दिसायला हवा. बैलाचा फोटो 70 सेंटिमीटर उंचीवरून काढला असेल, तर त्याच मापात हे अंतर 38 च्या आसपासच भरतं. म्हणजे चारही खूर जवळजवळ एका रेषेत येतात, पोट थोडं खालून दिसतं आणि पाठीची वरची बाजू दिसतच नाही. अशा बैलाचे अलीकडचे खूर टेकवले तर पलीकडचे जमिनीत रुतल्यासारखे दिसतात, पलीकडचे जुळवले तर अलीकडचे तरंगतात.

कुत्र्या-मांजरांत उलटं होतं. मालक उभा राहून खाली बघत फोटो काढतो, त्यामुळे पाठ पूर्ण दिसते, डोकं मोठं आणि पाय आखूड. असा कुत्रा पाच मीटर लांब उभ्या असलेल्या कुटुंबाशेजारी कधीच बसत नाही. `Distort` नं ओढून तो सरळ होईल, अशी आशा धरू नका. न दिसलेली बाजू ओढून दिसत नाही.

फरक थोडा असेल तर दोन पळवाटा आहेत. पलीकडचे दोन पाय वेगळ्या लेयरवर कापून 20–30 पिक्सेल वर-खाली सरकवता येतात, जोड पोटाच्या सावलीत लपतो. किंवा खूरच झाका. गव्हाण, कडब्याची पेंढी, अंगणाचा बुटका बांध, पुढे उभं असलेलं पोर, काहीही चालतं. गिऱ्हाईकाला कडबा खाणारा बैल आवडतोही. फरक मोठा असेल तर दुसरा फोटो मागा.

मग मूळ फोटो कसा काढून आणायला सांगू?

जनावर हयात असेल तर एवढंच सांगा: घरच्यांचा फोटो जिथून आणि ज्या उंचीवरून काढला तेवढ्याच अंतरावरून, मोबाईल तेवढ्याच उंचीला धरून, सकाळी की संध्याकाळी ते सारखं ठेवून. पाच-सहा मीटर लांब जायला सांगा. एक मीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाडा फुगतो आणि मागचा भाग बारीक होतो. खूर पूर्ण दिसले पाहिजेत, गवतात नकोत. आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन, दाबून येतो आणि केस सगळ्यात आधी मरतात.

जनावर विकलं असेल किंवा गेलं असेल, तर मिळेल त्या फोटोवर भागवायचं. अशा वेळी बैलाला घरच्या फोटोत घुसवण्याचा हट्ट सोडा आणि खालून काढलेल्या बैलाला जुळेल असं घर खाली बसून पुन्हा काढता येतं का, ते विचारा. घर कुठं जात नाही.

उन्हाची सावली कशी घालायची? बैलाचीच कॉपी काळी करून आडवी पाडली तर चालते ना?

कधी चालते, कधी मुळीच नाही. सावली म्हणजे सूर्याला दिसलेला बैल. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असेल तर सूर्याला आणि कॅमेऱ्याला बैलाची एकच बाजू दिसते आणि कॉपी आडवी पाडणं शोभतं. पण ऊन बैलाच्या तोंडाकडून येत असेल तर सूर्याला फक्त छाती, वशिंड आणि पुढचे पाय दिसतात. सावली अरुंद पडते, बैलाच्या लांबीची पडतच नाही. तिथे आडवी पाडलेली कॉपी म्हणजे सरळ खोटी सावली. तेव्हा हातानं काढा: जाड गोळा, वर शिंगांची दोन टोकं, खाली पायांचे पट्टे.

लांबी अंगणातल्या माणसाच्या सावलीवरून घ्या. वडिलांची सावली त्यांच्या उंचीएवढी असेल तर सूर्य 45 अंशांवर आहे आणि 140 सेंटिमीटरच्या वशिंडाची सावलीही जमिनीवर 140 सेंटिमीटर लांब जाईल. दिशाही तीच.

एका लेयरला एकदाच `Distort` करून चारही पाय जुळत नाहीत, हे लक्षात ठेवा. दोन अलीकडचे खूर पकडले की पलीकडच्या पायांची सावली त्यांच्या खुरांपासून निघत नाही. ती दोन पायांची पट्टी वेगळी रंगवा. प्रत्येक सावली आपापल्या खुरातूनच सुरू झाली पाहिजे. फोटो बरा आहे की नाही हे मी तरी आधी पलीकडच्या मागच्या खुरावरून बघतो, कारण तिथेच सगळे कंटाळतात.

कडेचा मऊपणाही सगळीकडे सारखा नसतो. सूर्य ठिपका नाही, आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे सावली टाकणारी वस्तू जमिनीपासून जितकी लांब, तितकी कड पसरते, साधारण एक मीटरला एक सेंटिमीटर. खुरापाशी कड धारदार, आणि वशिंडाची सावली, जिथे उन्हाचा किरण दोन मीटर प्रवास करून येतो, तिथे दोन सेंटिमीटर मऊ. आपल्या मापात ते 15 ते 20 पिक्सेल झाले. पूर्ण सावलीला एकच `Gaussian Blur` लावला तर खूर आणि सावली तुटतात. सावलीच्या मास्कची एक तीक्ष्ण आणि एक मऊ प्रत करून ग्रेडियंटनं एकमेकांत मिसळा.

सावलीचा रंग काळा, ऑपॅसिटी 50 टक्के, एवढं पुरे ना?

नाही. काळा ब्रश मातीवर राख टाकल्यासारखा दिसतो. त्याऐवजी `Curves` चा ॲडजस्टमेंट लेयर घ्या आणि त्याच्या मास्कमध्ये सावली रंगवा, म्हणजे मातीचे खडे, काडीकचरा सावलीतही दिसत राहतात.

किती गडद, ते फोटोच सांगतो. आयड्रॉपर `5 by 5 Average` वर ठेवा आणि वडिलांच्या सावलीतली माती आणि तिच्या शेजारची उन्हातली माती मोजा. आपल्या अंगणात उन्हातली लाल माती आली 180, 112, 84 आणि सावलीतली 78, 52, 46. `Curves` मध्ये लाल चॅनलला 180 चे 78, हिरव्याला 112 चे 52, निळ्याला 84 चे 46 करा. लाल निम्म्यापेक्षा खूप खाली आला, निळा मात्र निम्म्याच्या वरच राहिला. सावलीत ऊन पोचत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून असं होतं. दुसऱ्या फोटोत हे आकडे वेगळे येतील, पद्धत तीच.

जिथे आधीच झाडाची किंवा घराची सावली आहे, तिथे बैलाची उन्हाची सावली पडत नाही. मास्कमधून तेवढा भाग पुसून टाका. दोन सावल्या एकावर एक पडून अधिक गडद झालेला पट्टा म्हणजे जोडकामाची जाहिरात.

पावसाळ्यातला ढगाळ फोटो असेल तर?

सुटलात. उन्हाची सावली घालायचीच नाही. पोटाखाली मोठा, मऊ, पुसट काळसरपणा आणि खुरांखाली दाट रेघ, बस्स. खानापूरकडच्या पावसातल्या फोटोत बैल बसवणं हे शिकणाऱ्यासाठी सगळ्यात सोपं काम आहे. ओल्या चिखलात पायांचं थोडं प्रतिबिंब द्यावं लागतं, तेवढंच.

खूर जमिनीत नेमका कसा टेकवायचा?

फोटो 200 टक्के मोठा करून एका खुरापाशी थांबा. खऱ्या फोटोत खुराचा तळ कधीच पूर्ण दिसत नाही. बैलाचं वजन काही क्विंटल असतं, मऊ मातीत खूर थोडा रुततो आणि कडेनं माती उचलली जाते. म्हणून खुराची खालची कड कटरनं कापल्यासारखी सरळ ठेवू नका. मास्कवर बारीक, खडबडीत ब्रशनं तळाचे पाऊण-एक सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मापात आठ-दहा पिक्सेल, वेडेवाकडे पुसा. त्याच अंगणातली माती क्लोन करून खुराच्या फटीत आणि पुढच्या टोकावर दोन-चार खडे ठेवा.

मग टेकणीची सावली. खूर आणि माती जिथे भेटतात तिथे उजेड शिरतच नाही, म्हणून ती पूर्ण फोटोतल्या सर्वांत गडद जागांपैकी एक असते. चार-पाच पिक्सेलची, जवळजवळ काळी, खुराच्या आकारालाच चिकटलेली रेघ, आणि तिच्याभोवती 20–25 पिक्सेलमध्ये विरून जाणारा पुसट पट्टा. ही रेघ उन्हातही हवी, ढगातही हवी, ट्यूबलाइटखालीही हवी.

गवतात उलटा विचार करा. तिथे खूर पुसायचा नाही, खुराच्या पुढे गवत आणायचं. मूळ जमिनीच्या लेयरमधला खुराजवळचा गवताचा तुकडा कॉपी करून बैलाच्या वर ठेवा आणि काळ्या मास्कमधून एकेक पातं पांढऱ्या बारीक ब्रशनं बाहेर काढा. पाती खुरापुढे उभी, पण बाहेरच्या अंगाला झुकलेली दिसली पाहिजेत.

पांढरा बैल लाल मातीवर ठेवला की परका का वाटतो?

कारण मातीचा रंग त्याच्या पोटावर चढलेला नसतो. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच जाणवतो. पश्चिमेला बेळगाव-खानापूरकडे लाल जांभी माती, पूर्वेला अथणी, गोकाक, बैलहोंगलकडे काळी. काळ्या रानात काढलेल्या खिलाराचं पोट आणि पायांचा आतला भाग करडा, गडद येतो, कारण काळी माती उजेड परत फेकतच नाही. तोच बैल खानापूरच्या उन्हात उभा असता तर त्याचं पोट नारिंगी-गुलाबी झाक घेऊन उजळलं असतं.

बैलाला क्लिप केलेला नवा लेयर घ्या, मोड `Soft Light`, रंग अंगणातल्या उन्हातल्या मातीवरून उचललेला. मोठ्या मऊ ब्रशनं पोटाखाली, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या खालच्या कडेवर, पायांच्या आतून आणि जबड्याखाली द्या. 15 ते 25 टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. काळ्या मातीवरचा फोटो असेल तर आधी `Curves` नं पोट थोडं उजळून घ्या, गडद करड्यावर लाल चढवलं तर ते रक्ताळल्यासारखं दिसतं. हिरवळीवर काढलेल्या बैलाच्या पोटावर हिरवट झाक असते, ती आधी `Hue/Saturation` मध्ये हिरवा आणि पिवळा उतरवून काढा.

पांढरा किती पांढरा ठेवायचा, तर शेजारच्या धोतराकडे बघा. उन्हातलं धुतलेलं धोतर बैलापेक्षा उजळच असतं. बैल त्याच्याहून चकाकला तर तो दुसऱ्या फोटोतून आलाय हे कळतंच.

आता केस. प्रत्येक जनावराला `Refine Hair` वापरायचं का?

खिलाराला नको. त्याचे केस आखूड आणि अंगाला चापून बसलेले असतात, कड जवळजवळ कातड्याची. पेन टूलनं पाथ घ्या, कडेला एक-दीड पिक्सेल मऊपणा द्या, पाठीवर आणि मानेवर काम झालं. केसांचं काम फक्त शेपटीचा गोंडा, कानांच्या आतले केस आणि कपाळावरची बट इथे आहे. पूर्ण बैलाला `Refine Hair` लावलं की पाठीची कड कापसासारखी होते, आणि खिलार ओळखणाऱ्या माणसाला तो आजारी वाटतो. मुधोळचंही तसंच, कड स्वच्छ ठेवा.

पांढऱ्या पॉमेरेनियनसारख्या झुबकेदार कुत्र्याला मात्र केसच सगळं काही आहेत. `Select and Mask` मध्ये जाऊन आधी अंगाचा पक्का भाग निवडा, मग फक्त कडेवरून `Refine Edge Brush` फिरवा. निकाल `Layer Mask` म्हणून घ्या. `Decontaminate Colors` लावायचं तर मूळ लेयरची प्रत जपून ठेवा, तो पर्याय रंग कायमचा बदलतो. पार्श्वभूमी आणि कुत्रा यांच्यात उजेडाचा चांगला फरक असेल तर मी चॅनलवाली जुनी रीत पसंत करतो: सर्वांत जास्त फरक दाखवणारा चॅनल कॉपी करा, `Levels` नं कुत्रा पांढरा आणि मागचा भाग काळा करत जा, पण केसांच्या टोकांवर करडा राहू द्या. ते करडे म्हणजेच अर्धपारदर्शक केस.

कितीही केलं तरी काही केस गमावले जातातच. ते नव्या लेयरवर दोन पिक्सेलच्या ब्रशनं काढा, रंग शेजारच्या केसांतून उचला, मुळाशी जाड आणि टोकाला निमुळते. आणि अंगाच्या वळणाप्रमाणे झुबक्या-झुबक्यानं काढा. सुटे, समान अंतरावरचे केस काढले की कुत्र्याचा ब्रश होतो.

केसांभोवती पांढरी रेघ राहते, ती कशी घालवायची?

ती जुन्या पार्श्वभूमीची आहे, केसांमधून दिसणारी. आखूड केसांना `Layer > Matting > Defringe` एक पिक्सेलनं पुरतं. लांब केसांना ते चालत नाही, टोकं खातं. तिथे कुत्र्याला क्लिप केलेला रिकामा लेयर घ्या आणि आतल्या केसांचा रंग क्लोन स्टॅम्पनं बाहेरच्या टोकांवर ओढा. मास्क तसाच राहतो, फक्त रंग बदलतो. काळ्या लॅब्रॅडोरचा फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला असेल आणि नवी जागाही उजळ असेल, तर कडेच्या केसांची एक प्रत `Multiply` मोडमध्ये खाली ठेवून वरच्या लेयरचा मास्क किंचित आत घेतला की पांढरी रेघ विरते.

कड चांगली, सावली चांगली, तरी जनावर चिकटवल्यासारखं का?

बहुधा ते फोटोपेक्षा जास्त स्पष्ट किंवा जास्त पुसट आहे. वडिलांच्या मिशा आणि डोक्याचे केस बघा. त्या फोटोत मिशीचा एकेक केस सुटा दिसत नसेल, तर त्यांच्याशेजारच्या बैलाच्या शेपटीचा एकेक केस दिसायचं कारणच नाही. एक पिक्सेलभर ब्लर द्या. मग फोटोतला नॉइज बघून तेवढाच `Add Noise` नं बैलावर घाला. संध्याकाळच्या मोबाईल फोटोत सावल्यांमध्ये नॉइज असतो आणि गुळगुळीत बैल लगेच उठून दिसतो. उलट, बैलाचा फोटोच छोटा असेल तर तो दीडपटीपुढे वाढवू नका. वाढवण्याऐवजी त्याला मागे, वडिलांच्या पाठीशी उभा करा. मागच्या जागी माप आपोआप लहान लागतं.

मंगल कार्यालयाच्या चकचकीत फरशीवर कुत्रा बसवायचाय.

तिथे दोन गोष्टी जास्तीच्या. फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याकडून येतो, त्यामुळे सावली कुत्र्याच्या मागे लपते आणि खाली फारशी दिसत नाही. त्याऐवजी फरशीत प्रतिबिंब दिसतं. पूर्ण कुत्र्याची एकच उलटी प्रत खाली लावली तर पुढचे पंजे जुळतात आणि मागचे सुटतात. प्रत्येक पंजाचं प्रतिबिंब त्याच्याच टेकणीपासून उलटं करून लावा, 20–30 टक्के ऑपॅसिटी, टेकणीपासून लांब जाईल तसं पुसट. नवरा-नवरीच्या बुटांचं प्रतिबिंब शेजारी असतंच, त्याच्याइतकंच ठेवा.

ऊन उजवीकडून हवंय आणि बैलावर डावीकडून आहे. फोटो उलटा फिरवला तर?

फिरवण्याआधी कान बघा. कानात 12 आकडी पिवळा बिल्ला असतो, आकडे उलटे झाले की संपलं. बिल्ला नसला तरी शिंगांचा बाक, अंगावरचा डाग, डागणीची खूण, कासऱ्याची बाजू उलटी होते. तुम्हाला फरक वाटणार नाही, पण मालक आणि त्याच्या गल्लीतली चार माणसं एका नजरेत म्हणतील, "हा आपला बैल नव्हे." जोडीतला बैल असेल तर आणखी अवघड, कारण कोणता कुठल्या बाजूला जुंपतात हे ठरलेलं असतं. अशा वेळी बैल न फिरवता घराचा फोटो फिरवता येतो का बघा. दारावर पाटी नसेल तर तो बरेचदा फिरतो, मात्र माणसांच्या शर्टाची बटणं, साडीचा पदर आणि हातातलं घड्याळ तपासा.

बेंदराच्या फ्लेक्ससाठीही एवढं सगळं करायचं?

केसांचं नाही. आठ बाय चार फुटांचा फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघतात, कडेचे केस कोणाला दिसत नाहीत. माप आणि खुराखालची सावली मात्र फ्लेक्सवर जास्तच दिसते, कारण बैल तिथे जवळजवळ खऱ्याएवढा असतो. वेळ कमी असेल तर सगळा वेळ पायांवर घाला.

विक्रीच्या जाहिरातीसाठी किंवा विम्यासाठी असा फोटो करून मागतात. करावा का?

नाही. घरात लावायचा फोटो वेगळा. ज्या फोटोवरून कोणी पैसे देणार किंवा घेणार आहे, त्यात जनावर जोडायचं नाही, मोठं करायचं नाही आणि कानातला बिल्ला तर मुळीच हलवायचा नाही.